पहाटे हो म्हणणारा माणूस

आधीच सांगते — भूत, भानामती, करणी यातलं काहीही मी मानत नाही. अंगात आलेल्या बायांना मी भर बाजारात सुनावलेलं आहे, "बाई, देवी आली तर आली, पण माझा हंडा खाली ठेवून नाच." असल्या बाईनं वाचकांच्या विलक्षण अनुभवांच्या या सदरात लिहावं असं मला स्वतःलाच वाटत नव्हतं. पण आमच्या नणंदबाईंनी, म्हणजे महादेवी अक्कांनी, गेली पंधरा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात एकच गोष्ट सांगत फिरायचं व्रत घेतलंय — गिरजानं शब्द दिला आणि फिरवला. गिरजा म्हणजे मी. आणि मी शब्द फिरवणारी बाई नाही. भाव करताना मी समोरच्याचं रक्त आटवते हे खरं. पण एकदा "दिला" म्हटलं की दिला. माझा सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे. म्हणून जे घडलं ते लिहून टाकते. विश्वास ठेवा, न ठेवा. मला कुणाची मेहेरबानी नको.

तेव्हा आम्ही नांदेडला राहायचो, इतवाऱ्याकडच्या एका बोळात. मी आठवडी बाजारात भांडी विकायची. सुरुवात केली ती डोक्यावरच्या पाटीत सहा पातेली आणि दोन कळशा घेऊन. माहेरचं एक भांडं नाही, सासरची एक दमडी नाही. पुढं लोहा, नायगाव, मुखेड — सगळे बाजार पाठ झाले. कुठल्या गावची बाई भांडं वाजवून बघते, कुठली उन्हात धरून छिद्र शोधते, कुठली नुसती रडून भाव पाडते, सगळं मला ठाऊक. मग ती दुष्काळाची वर्षं आली. विहिरी आटल्या, नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. लोकांना ताटं-वाट्या नको होत्या, पाणी साठवायला काहीतरी हवं होतं. मी हंडे, पिंप आणि पत्र्याच्या टाक्या विकायला लागले. "लोकांच्या तहानेवर कमावून राहिली," असं अक्का म्हणायच्या. त्यांच्या अंगणातलं पिंपसुद्धा माझंच होतं, आणि फुकट दिलेलं होतं, ते मात्र कुठल्या बारशात सांगत नाहीत.

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालेलं. नवी कचेरी, नवे साहेब, बदलीवर आलेली बिऱ्हाडं... आणि बदलीवर आलेल्या बिऱ्हाडाला पहिल्या दिवशी काय लागतं? पाणी भरायला भांडं. तिथल्या गंजगोलाई बाजारपेठेजवळ एक गाळा मिळत होता. बाजार-बाजार हिंडायचं सोडून एका जागी दुकान टाकायचं, हे माझं स्वप्न होतं म्हणा, हट्ट म्हणा. आणि त्यात एकच माणूस आडवा — माझा नवरा.

यांचं नाव शिवराज. रेडिओ-ट्रान्झिस्टर दुरुस्तीचं टपरीएवढं दुकान. हातात कला आहे, हे मी भांडणातसुद्धा नाकारत नाही. पण माणूस निशाचर. सकाळी नऊच्या आत डोळा उघडत नाही, उघडला तरी दहापर्यंत माणसात नसतो. रात्री नवानंतर मात्र चेहऱ्यावर तेज येतं. केसाएवढ्या तारा जोडायचं काम ते अकरा ते एकमध्ये करायचे, दोनला आडवे व्हायचे. आणि मी? माझ्या वडलांच्या घरी पहाटे साडेतीनला उठून अंघोळ, लिंगपूजा आणि मग चहा, असा नेम होता. घड्याळ लागत नाही मला. पण रात्री साडेआठ वाजले की माझ्या डोळ्यांवर कुणी ओलं पोतं टाकल्यासारखं होतं. नऊला तुम्ही माझ्या उशाशी पिंप वाजवलंत तरी कळायचं नाही.

हे जमवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. लग्नानंतर अक्कांनी भावाला रोज चारला उठवलं — तोंडावर पाणी मारून. पाचव्या दिवशी यांनी झोपेत तापलेली सोल्डरिंगची सळई उलटी धरली. अंगठ्यावरचा डाग अजून आहे. मग मी जागून बघितलं. तीन रात्री अकरापर्यंत बसले, डोळ्यांना पाणी लावून. चौथ्या दिवशी नायगावच्या बाजारात एका म्हातारीला पातेलं एका मापाचं आणि झाकण दुसऱ्याच मापाचं दिलं. तिनं पुढच्या बाजारात जी अब्रू काढली! त्यानंतर दोघांनीही नाद सोडला. मी त्यांना आळशी म्हणायची. ते मला कोंबडी म्हणायचे.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत यांचं टेबल, दिवा आणि गादी. आतल्या खोलीत माझी चूल आणि बाज. मधलं दार बंद — त्यांच्या दिव्यानं माझी झोप मोडायला नको, माझ्या स्टोच्या आवाजानं त्यांची. मी आतल्या खोलीच्या मागच्या दारानं परसात, परसातून बोळात आणि तिथून एसटी स्टँडवर. मागच्या दाराला बाहेरून कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. ते पुढच्या दारानं येणार-जाणार. दोन्ही वेळची भाकरी मी पहाटेच थापायची, त्यांची बाहेरच्या खोलीतल्या फळीवर झाकून ठेवायची. बाजारातून मी परतायची पाच-सहाला, तेव्हा ते दुकानात. ते घरी यायचे नऊला, तेव्हा मी मेलेली. दुकानाला सुट्टी त्या दिवशी नेमका माझा लोह्याचा बाजार. हिशोब करा — जागेपणी आम्ही एकमेकांसमोर आठवड्यातून किती वेळ? स्टँडवरून येताना त्यांच्या दुकानापुढं उभं राहून मी दोन शब्द बोलायची, तेवढाच. आणि ते दोन शब्दही भांडणाचे. मी म्हणायची लातूर, ते म्हणायचे नांदेड. "माझी गिऱ्हाईकं इथं हायत. तिथं मला कोण वळखतंय?" — एवढं बोलून मान खाली, तारांमध्ये.

त्या उन्हाळ्यात एका पहाटे मी पूजा आटोपून परसाचं दार उघडलं, तर पायरीवर हे बसलेले.

मी दचकले नाही. चिडले. "आज सूर्य कुठून उगवणार हाय?" म्हटलं. ते नुसते हसले. खांद्यावर राखाडी शाल, पाठ भिंतीला टेकलेली. माझ्या मागून स्टोचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. नवऱ्याचं तोंड होतं, दुसरं काही नाही. मी चहा दिला. "ठेव," म्हणाले. मी भाकऱ्या थापता-थापता बोलत राहिले. आधी टोमणे मारले, मग बाजारातलं सांगितलं, मग लातूरचं काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं कुणीतरी मधे न तोडता ऐकत होतं. बसची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, "चला, मला कुलूप लावायचंय." ते बोळाकडं उठून गेले. पुढच्या दारानं आत जातील असं मी धरलं. चहा तसाच होता. मीच पिऊन टाकला — साखर काय फुकट येते?

असं सात-आठ वेळा झालं. रोज नाही, एक-दोन दिवसांआड. मला वाटलं, माणूस दोनला झोपण्याऐवजी तसाच जागा राहत असेल, माझ्यासाठी. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बाजारात माझा आवाज जरा खाली आला होता, असं एक गिऱ्हाईकच म्हणाली. आणि एका पहाटे मी सरळ विचारलं, "गंजगोलाईचा गाळा घेऊ का? लातूरला यायचं का?"

"हाव," ते म्हणाले.

"दुकान बंद करून?"

"हाव."

इथं माझी अक्कल गहाण पडली होती. साधी वाटी घेताना चार वेळा मागं फिरणारी मी... आणि इतका मोठा सौदा समोरच्यानं एका शब्दात मान्य केला, तर मला संशय यायला नको? पण आपल्याला जे हवं असतं ते मिळालं की माणूस भांडं वाजवून बघत नाही. मी त्याच आठवड्यात लातूरला जाऊन गाळ्याचा विसार देऊन आले.

परत येताना स्टँडवरून थेट यांच्या दुकानावर गेले. पाच वाजले होते, ऊन अजून कडक. अक्का स्टुलावर बसलेल्या, त्यांचं घर दुकानाच्या मागंच. मी म्हटलं, "झालं काम. गाळा आपला."

यांनी मान वर केली. "कुठला गाळा?"

"आता कुठला म्हणजे? लातूरचा."

"गिरजा," ते टेस्टर खाली ठेवून म्हणाले, "डोकं फिरलं का तुझं? मी शेजारचा अर्धा गाळा घेऊन राहिलो इथं. दुकान वाढवायला. मालकाला शब्द दिलाय."

"मला विचारल्याशिवाय?"

"विचारल्याशिवाय? तूच म्हणलीस की! म्हणलीस, राहू नांदेडातच. तीनदा म्हणलीस!"

मी हसले. राग आला की आधी मी हसते, बाजारात सगळ्यांना माहीत आहे. "मी? अन् कवा म्हणले हो मी? सपनात?"

"रात्री. तू उठून येऊन बसती की हल्ली माझ्याजवळ. साडेदहाला, अकराला. उंबऱ्यावर."

"मी नवाला मरती, तुमाला ठाऊक न्हाई का?"

अक्कांना तर सणच झाला. "बघ शिवा, मी म्हणलं नव्हतं? बाजारात लोकायला गुंडाळती, आता नवऱ्यालाबी. गिरजे, तू तर लई शब्दाची पक्की म्हणतीस सोताला. माझ्या भावानं पंधरा दिवसांमागंच मला सांगितलं — गिरजा राहते म्हणली, अक्का, आता भांडण मिटलं."

"अन् तुमी?" मी यांच्याकडं वळले. "पहाटे परसात बसून हाव हाव कोण म्हणलं? का तेबी मीच?"

"पहाटे?" ते म्हणाले. "मी आजवर पहाटे बघितली हाय का, बाई?"

रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. मी म्हटलं, खोटं बोलता. ते म्हणाले, तू बोलती. अक्का दोघांच्या मधून तेल ओतत होत्या. शेवटी मी जे बाजारात करते तेच केलं — मोघम बोलायचं नाही, नग समोर ठेव म्हणायचं. "एक रात्र सांगा. एकच. नक्की कुठली?"

ते विचार करून म्हणाले, "पाण्याची रात्र. आठ दिवसानं नळ आला होता, मागच्या लोह्याच्या बाजारच्या दिवशी. मी पुढच्या पडवीतली पिंपं भरून राहिलो होतो. तू मधलं दार उघडून आलीस, उंबऱ्यावर बसलीस. मी म्हणलं, झोप मोडली का? तू मान हलवलीस. मी शेजारच्या गाळ्याचं काढलं. म्हणलीस, घ्या. राहू इथंच. पाणी बंद होईपर्यंत बसली होतीस."

मी स्टुलाला धरलं — अक्का बसलेल्या त्याच स्टुलाला.

त्या रात्री मी घरात नव्हते. लोह्याहून येणारी शेवटची गाडी आलीच नाही, म्हणून मी तिथं धाकट्या बहिणीकडं राहिले होते. सकाळी पहिल्या गाडीनं आले, हे उठायच्या आत. मागच्या दाराला माझं कुलूप तसंच, किल्ली माझ्याच कमरेला. आणि यांना मी सांगितलंही नव्हतं. कधी सांगणार? भाकरी फळीवर होती, मधलं दार बंद होतं. बायको रात्रभर घरात नाही, हे नवऱ्याला कळायला काही कारणच नव्हतं. ऐकणाऱ्याला हे हसू येण्यासारखं वाटेल. पण ज्या घरात एक जण झोपतो तेव्हा दुसरा जागतो, तिथं बंद दारामागं माणूस आहे असं धरूनच चालतात.

मी हे सांगितलं. यांचा चेहरा असा झाला की अक्काही गप्प बसल्या. तेवढ्यापुरत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोळात सांगितलंच, की गिरजानं अंगाशी आल्यावर बहिणीचं निमित्त काढलं. बहीण जिवंत आहे, लोह्यातच आहे. पंधरा वर्षांत अक्कांनी तिला एकदाही विचारलेलं नाही.

त्या संध्याकाळी हे म्हणाले, "दार उघडं ठेव मधलं." मी ठेवलं. आणि साडेआठला मला झोप लागली. भीतीनंसुद्धा लांबली नाही, असला माझा देह.

साडेतीनला उठले. पूजा केली. परसाचं दार उघडलं. पायरीवर शाल पांघरून हे बसलेले.

मागं वळून मधल्या दारातून बघायचं धाडस झालं नाही. पण मला दुसरं येतं काय? मी सौदा करायला बसले. दोन हात लांब, दाराच्या आतच.

"लातूरला जायचं ना?" म्हटलं.

"हाव."

"आपण नांदेडातच राहू."

"हाव."

तोच आवाज, तेच हसू. माझी जीभ थांबेना. "दुकान विकू?" "हाव." "दुकान वाढवू?" "हाव." "मी तुमाला सोडून जाते. कायमची."

"हाव," ते म्हणालं. आणि त्याच मायेनं माझ्याकडं बघत राहिलं.

त्यानंतर मी जी ओरडले, ती बोळातल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेली. आत धावले, बाहेरच्या खोलीत. हे गादीवर पालथे, तोंड उघडं, बोटांना सोल्डरचा काळा डाग. मी खांद्याला धरून हलवलं, हलवलं, शेवटी पाठीत बुक्की घातली. एका डोळ्यानं बघत म्हणाले, "मेली का तुझी अक्कल? किती वाजले? अगं काय माणूस हायस का कोण हायस तू!" आणि आणखी काय-काय, जे छापता येणार नाही. आयुष्यात शिव्या इतक्या गोड कधी लागल्या नाहीत. भेलकांडत परसात आले. पायरीवर कोणी नव्हतं. बोळाचं कवाड आतून लावलेलं होतं, मी अजून उघडलंच नव्हतं.

"इथं बसत होतं?" ते म्हणाले.

"इथं."

ते पायरीकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्यासारखंच दिसत होतं?"

"तुमच्याहून बरं."

"मग आता त्याच्याशीच भांड," म्हणाले आणि जाऊन झोपले. खरंच झोपले! पहाटे चारला त्या माणसाला भुतानंही जागं ठेवता आलं नसतं.

पुढच्याच आठवड्यात आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं. वयस्क माणूस, डोकं शांत. ते म्हणाले, झोपेची वेळ ही उंचीसारखी असते — बरीचशी जन्मातून येते. यात आळस नाही आणि पुण्यही नाही. यांचे वडीलही रात्री जागायचे का, विचारलं. जागायचे. फड लागला की पहाटेपर्यंत ढोलकी वाजवायचे. डॉक्टर म्हणाले, वेळ पूर्ण उलटवायच्या फंदात पडू नका, अर्धा-पाऊण तास सरकली तर पुष्कळ. उठल्या-उठल्या यांनी उन्हात बसायचं, रात्री दहानंतर दिवा मंद करायचा. मी उलट करायचं — संध्याकाळी घरात अंधारात न बसता उजेड असेतो अंगणात बसायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे, पहिल्या झोपेतून उठलेला माणूस बोलतो, चालतो, हो म्हणतो, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. म्हणून एक अर्धा झोपेत असताना दुसऱ्यानं काहीच ठरवायचं नाही.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मी झोपेत उठून हो म्हणले असेन, मान्य. हे झोपेत पायरीवर येऊन बसले असतील, तेबी मान्य. पण लोह्यातल्या बाजेवरून उठून नांदेडच्या उंबऱ्यावर कशी बसले?"

ते चष्मा पुसत म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही." निदान खरं बोलले.

मग आम्ही खरा सौदा केला. यांनी दुकान रोज पाच ते सात बंद ठेवायचं. गिऱ्हाईक आलं तर आलं, गेलं तर गेलं. त्या दोन तासांत माझी झोप लांब असते आणि यांचं डोकं पुरतं उघडलेलं असतं. ठरवायचं ते तेव्हाच, एकमेकांसमोर बसून. चार संध्याकाळी भांडलो. पहिल्या दिवशी त्यांनी लातूर नाहीच म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आलो तर गाळ्याचा पुढचा अर्धा भाग माझा, तुझी पिंपं मागं. मी म्हटलं, पिंपं मागं ठेवली तर गिऱ्हाईकाला काय दिसणार, तुमचं तोंड? तिसऱ्या दिवशी मी उठून निघाले, त्यांनी थांबवलं नाही, मीच कोपऱ्यावरून परत आले. चौथ्या दिवशी ठरलं — खिडकीची बाजू त्यांची, दाराची माझी. सकाळी नवाच्या आत त्यांना कुणी उठवायचं नाही, माझ्या वडलांनीसुद्धा नाही. लातूर एक वर्ष बघायचं, जमलं नाही तर मुकाट्यानं परत. आणि शेजारच्या गाळ्याच्या मालकाची माफी त्यांनी नाही, मी मागायची, कारण जीभ माझी चालते. गेले. मागितली. माझा काही दोष नसताना.

वर्ष झालं, जमलं, राहिलो. आता दुकान मोठं आहे. यांची झोप दोनवरून एकवर आली, त्यापुढं सरकत नाही. माझी साडेआठवरून नवावर. रात्री मला झोप लागेपर्यंत ते माझ्याशेजारी आडवे होतात, दहा-पंधरा मिनिटं लागतात, मग उठून कामाला बसतात. मधल्या दाराला कडी नाही, आम्ही बसवलीच नाही. पाच ते सात शटर खाली. लोकांना वाटतं दोघं भांडतात. भांडतोच.

लातुरात पायरीवर कोणी आलं नाही. उंबऱ्यावरही नाही.

एकदा संध्याकाळी मी यांना विचारलं, "खरं सांगा, ती बरी होती का मी?"

ते म्हणाले, "ती ऐकून घ्यायची." मी त्या दिवशी चहा दिला नाही. पण मलाही तेच म्हणायचं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तर अक्का, शब्द मी दिलाच नव्हता, म्हणून फिरवलाही नाही. हे छापून आलं की कात्रण तुमच्या घरी पाठवणार आहे.

बाकी वाचणाऱ्यांना सांगते. मी आयुष्यभर सौदे केले. समोरचा भाव का सोडतो, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसतं. कुणाला गाडी गाठायची असते, कुणाला माल संपवायचा असतो. फुकट "हो" कुणीच म्हणत नाही. पायरीवरच्या आणि उंबऱ्यावरच्या त्या दोघांनी आम्हाला आम्ही मागू ते दिलं, कधी घासाघीस केली नाही, कधी बदल्यात काही मागितलं नाही. त्यांनी आमच्याकडून काय नेलं, हे मला अजून कळलेलं नाही.